बांधले कोणी, बांधवले कोणी

सिद्धटेकचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधले, हे वाक्य आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. चोंडी त्यांचे जन्मगाव, जिल्ह्याला आता त्यांचेच नाव. पण हे वाक्य ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर हातात टाकी घेतलेल्या अहिल्याबाई येत नाहीत. ‘बांधले’ म्हणजे बांधवले, पैसा त्यांचा, हुकूम त्यांचा, हात पाथरवटांचे, हे न सांगता सगळ्यांना कळते. मग हेच लोक अकोले तालुक्यात रतनवाडीच्या अमृतेश्वरासमोर उभे राहिले की ‘हे हेमाडपंतांनी बांधलं’ म्हणतात, आणि तिथे मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर एक वास्तुविशारद उभा राहतो. नकाशा काढणारा, दगडावर दगड चुन्याशिवाय बसवण्याची युक्ती शोधणारा. हा फरक कुठून आला?

असे म्हणणारी माणसे सज्जन आहेत. गावच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत लिहिणारे निवृत्त शिक्षक, प्रेमाने देऊळ दाखवणारा गाइड, व्याख्यानाच्या शेवटी उठून भावनेने बोलणारे श्रोते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जिल्ह्यातली जुनी देवळे हेमाडपंतांची, प्रत्यक्ष घडवणारे शिल्पी अनामिक राहिले, कारण आपली परंपराच निरहंकाराची, आणि एखाद्याने नाव कोरलेच तर ते रायगडच्या हिरोजीसारखे, पायरीवर, पायदळी तुडवले जावे म्हणून. ऐकायला सुंदर आहे. यातले बहुतेक चूक आहे. चुकीबद्दल राग नाही येत. राग याचा येतो की या सुंदर गोष्टीमुळे खऱ्या कारागिरांविषयी दगडावर जे थोडेबहुत लिहून ठेवलेले आहे ते वाचायचे राहून जाते.

हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, आधी निकालात काढू, कारण तिथे वाद फारसा नाही. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेवराय आणि रामदेवराय यांच्या कारकिर्दीतला. महादेवराय गादीवर आला १२६१ च्या सुमारास. हेमाद्रीची ओळख म्हणजे ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रते, दाने, श्राद्धे यांचा प्रचंड ग्रंथ. तो लेखणीचा आणि कारभाराचा माणूस. आता अंबरनाथच्या शिवमंदिराकडे पाहा. तेही लोकांच्या तोंडी हेमाडपंतीच. पण त्याच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधी. रतनवाडीचे देऊळ घडणीवरून त्याच काळाच्या आसपासचे धरतात. ‘हेमाडपंती’ हे चुन्याविना रचलेल्या जुन्या देवळाचे टोपणनाव म्हणून राहू द्या, मला त्याचे वावडे नाही. लोक पाणी तापवायच्या बंबाला बंब म्हणतात आणि आग विझवायच्या गाडीलाही, काम चालते. फक्त त्या टोपणनावातून कर्ता काढू नका.

रतनवाडीला दुसरा एक कर्ता चिकटवला जातो, शिलाहार राजा झंझ. त्याने बारा शिवालये उभारल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटांत आहे. बारा कुठली, ते ताम्रपट सांगत नाही. लोकांनी सह्याद्रीतल्या नद्यांच्या उगमाशी बारा देवळे मोजली आणि प्रवरेच्या उगमाचे देऊळ त्यात आले. शक्य आहे. पण ते शक्य असणे आणि भिंतीवर लिहिलेले असणे यांत फरक आहे. आणि खरे निघाले तरी झंझ होता बांधवणारा.

आता मुद्द्याचे. दगडावरच्या चार शब्दांतून माणसाचे आयुष्य किती काढता येते? ते पाहायला मी वाचकांना नगरहून कार्ल्याला नेतो, कारण तिथे एकाच इमारतीवर दोन्ही प्रकारचे लेख शेजारी आहेत आणि फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत बरेच छोटे लेख आहेत. एक लेख धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचा, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचा. त्यात शब्द आहे ‘दानं’, आणि दानाची वस्तू आहे ‘घरमुघ’, म्हणजे घराचे मुख, दर्शनी दार. दुसरा लेख त्याच धेनुकाकटच्या सामीचा. हा वढकी, म्हणजे सुतार, वेणुवासाचा मुलगा. त्याच्या लेखातही ‘घरस मुघ’ आहे, पण क्रियापद आहे ‘कता’, म्हणजे केले. अत्तरवाल्याने दार दिले. सुताराने दार केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी हा भेद इतका स्वच्छ लिहून ठेवला आहे, आणि आपण ‘बांधले’ या एका शब्दात दोघांना कोंबतो.

सामीच्या त्या एवढ्याशा ओळीत काय काय आहे ते मोजा. नाव आहे, वडिलांचे नाव आहे, धंदा आहे, गाव आहे. आजच्या आधार कार्डावर याहून फार काही नसते. त्यात धंदा सगळ्यात बोलका. दगडात कोरलेल्या लेण्याच्या दाराशी सुतार काय करतो? कार्ल्याचे चैत्यगृह लाकडी इमारतीची दगडातली नक्कल आहे, आणि छताच्या कमानदार फासळ्या तर खऱ्याखुऱ्या लाकडाच्या आहेत. म्हणजे एक तर सामीने प्रत्यक्ष लाकूडकाम केले असेल, किंवा लाकडात हात बसलेला माणूस दगडाकडे वळला असेल. दोन्हींपैकी कुठले ते लेख सांगत नाही, आणि तिथे थांबायला शिकले पाहिजे. गावाचेही तसेच. धेनुकाकट कार्ल्याच्या अनेक लेखांत येते, पण नकाशावर ते नेमके कुठे ठेवायचे यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. गावाचे नाव कळले, गाव कळले नाही.

पितळखोऱ्याला हेच निराळ्या रूपात भेटते. तिथे मातीत सापडलेल्या एका बुटक्या, हसऱ्या यक्षाच्या हातावर लेख आहे : कण्हदास हिरंणकाराने केला. हिरंणकार म्हणजे सोनार. दगडी यक्ष घडवणारा सोनार! कुणी म्हणेल, सोनाराने पैसे दिले असतील. म्हणू शकता, पण मग ‘दान’ हा शब्द टाळून ‘कता’ का लिहिले, याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल. त्या यक्षाच्या अंगावरचे दागिने पाहिले की मला तरी सोनाराचा हात खरा वाटतो. अर्थात माझे वाटणे हा पुरावा नव्हे. क्रियापद हा पुरावा.

आणि तिसरे कोंडाणे. आपल्या कर्जतजवळचे नव्हे, रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळचे. तिथे चैत्यगृहाच्या बाहेर एका मोडक्या भव्य मूर्तीच्या डोक्याशेजारी लेख आहे, कण्हाचा अंतेवासी बलक याने केले. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य. इथे बापाऐवजी गुरू आला. म्हणजे या माणसाला स्वतःची ओळख द्यायची तेव्हा हाताखाली कुणाच्या शिकलो हे सांगावेसे वाटले. आजही तबलजी हेच करतो.

इथेच मोह होतो. पितळखोऱ्याचा कण्हदास, कोंडाण्याच्या बलकाचा गुरू कण्ह. जोडून टाका! एक सोनार, त्याची शाळा, त्याचा शिष्य सह्याद्री उतरून कोकणाच्या तोंडाशी जातो... कादंबरी तयार. पण कण्ह म्हणजे कृष्ण. ते नाव सातवाहनांच्या राजालाही होते आणि गल्लीतल्या पोरालाही. नुसत्या नावावर दोन लेख जोडायचे नसतात. नावाबरोबर बापाचे नाव, धंदा किंवा गाव यांपैकी आणखी एक तरी गोष्ट जुळली पाहिजे, आणि अक्षरांची धाटणी एका काळाची असली पाहिजे. तेवढे जुळले की मग बोला.

हे सगळे सांगितले ते निरहंकाराच्या सिद्धान्तासाठी. इसवी सनाच्या आगेमागेचे आपलेच कारागीर ‘मी केले’ असे नावानिशी लिहीत होते. मधल्या शतकांत परंपरा नम्र झाली म्हणावे, तर यादवांच्या शेजारीच, होयसळांच्या राज्यात, मूर्तीच्या पायथ्याशी सह्यांची रीघ लागली आहे. बेलूरला बळ्ळिगावीचा दासोज आहे, त्याचा मुलगा चावण आहे. मल्लितम्म नावाचा शिल्पी अनेक देवळांत पुन्हा पुन्हा भेटतो. त्यांतल्या काहींनी स्वतःला लावलेली बिरुदे प्रतिस्पर्ध्यांना ललकारणारी आहेत. तीही हिंदू देवळे, तेही धार्मिक कारागीर. नम्रता कृष्णा नदीला अडली होती काय?

कुणी दगडाचे कारण देते : होयसळांचा दगड मऊ, खाणीतून निघाल्यावर लाकडासारखा कापला जाणारा, आपला काळा बसाल्ट कठीण. यात तथ्य आहे, पण पुरते नाही. त्याच बसाल्टवर यादवांच्या काळात लांबच लांब लेख कोरले गेलेत. पाथरवटाला दानाची पंचवीस ओळींची सनद कोरता येत होती, तर स्वतःचे तीन शब्द कोरता आले नसते असे म्हणवत नाही.

माझे उत्तर साधे आहे आणि त्यात भक्तिभाव कमी, कचेरी जास्त. यादवकाळातला शिलालेख म्हणजे बहुतेक वेळा दस्तऐवज. देवळाला जमीन दिली, तेल दिले, कर माफ केला. कोणी दिले, कधी दिले, पुढच्या कोणी मोडू नये. मोडणाऱ्याला शिव्याशाप. गधेगाळ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. वर चंद्रसूर्य, खाली ते चित्र, लहान मुलांना दाखवू नये असे. हा कागद हक्काचा आहे, आणि पाथरवटाचा पुढे कुठला हक्क राखायचा होता? त्याने मजुरी घेतली, शिधा घेतला, पुढच्या गावी गेला. ज्याचा हक्क नाही त्याचे नाव सातबाऱ्यावर येत नाही, तसेच हे. याच्या उलट ताम्रपटाच्या शेवटी लिहिणाऱ्याचे आणि कोरणाऱ्याचे नाव पुष्कळदा येते, कारण तिथे अक्षर न अक्षर खरे असल्याची जबाबदारी कुणाची तरी असावी लागे. जबाबदारी आली की नाव आले. मात्र यात एक खड्डा आहे : अक्षरे कोरणारा म्हणजे देऊळ घडवणारा नव्हे. ‘उत्कीर्ण’ या शब्दापुढचे नाव पाहून मंदिराचा स्थपती सापडला म्हणून उड्या मारणारे मी पाहिले आहेत. तो बिचारा लेखाचा कोरक्या असतो.

आपल्या जिल्ह्यातलेच पाहू. नेवाशाचा पैसाचा खांब, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, त्यावर लेख कोरलेला आहे. दर्शनाला जाणाऱ्या लाखोंपैकी किती जण तो वाचतात? त्यात ज्ञानदेव नाहीत, खांब घडवणारा नाही. करवीरेश्वराला नमन आहे आणि देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची व्यवस्था आहे. म्हणजे हा अस्सल दानलेख. त्यातून कळते ते देवळाचे नाव आणि दिव्याचे तेल. त्यातून खांबाच्या शिल्पकाराचे चरित्र काढू पाहणे म्हणजे तेलाच्या पावतीवर गवंड्याची सही शोधण्यासारखे आहे.

हरिश्चंद्रगडावर याहून अवघड गाठ पडते. तिथल्या देवळात एका छोट्या लेखात चक्रपाणी, वटेश्वर आणि त्याचा पुत्र विकटदेव अशी नावे येतात. ‘सुत’ हा शब्द आहे, म्हणजे नाते आहे. पण ‘केले’ नाही, ‘दिले’ही नाही. क्रियापदाच्या जागी आहे तो अभीष्टचिंतनाचा शब्द. आता वटेश्वर हे नाव चांगदेवांच्या गुरुपरंपरेतले. स्वतः चांगदेवांचा ‘तत्त्वसार’ शके १२३४ मध्ये, म्हणजे १३१२ साली, या गडावर पुरा झाला. तेव्हा बापलेक म्हणून वाचले तर एक घराणे निघते, आणि गुरुशिष्य किंवा देव आणि भक्त म्हणून वाचले तर मठ निघतो. योगी वटेश्वराचा ‘सुत’ म्हणवून घेई, जन्माने त्याचा मुलगा नसला तरी. या लेखावरून विकटदेवाला कुणी देवळाचा स्थपती ठरवू लागला तर त्याला एवढेच विचारावे, की करणाऱ्याचे क्रियापद दाखव.

हे ध्यानात ठेवून हिरोजीकडे येऊ, कारण मराठी माणसाला शिल्पकाराची सही म्हटली की हीच एक आठवते.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळात दोन लेख आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी वाचले पाहिजेत. भिंतीवरचा संस्कृत, पद्यात. पायरीवरचा मराठी, चार-पाच शब्दांचा : सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर. पहिला फार थोडे लोक वाचतात, दुसरा सगळ्यांना पाठ. आणि दुसऱ्याभोवती कथा उभी आहे. गड पुरा व्हायला पैसे कमी पडले म्हणून हिरोजींनी घरदार विकले, महाराजांनी बक्षीस विचारल्यावर त्यांनी काही न मागता पायरीवर नाव कोरण्याची परवानगी मागितली, म्हणजे दर्शनाला जाता येता महाराजांची पायधूळ त्या नावावर पडेल. नाटकात, पोवाड्यात ही कथा शोभते. मी स्वतः ती ऐकताना गहिवरलो आहे. पण घरदार विकल्याचे ना भिंतीवर आहे ना पायरीवर.

भिंतीवरच्या लेखात काय आहे? काळ आहे, आकड्यांऐवजी शब्दांत : षट्, नव, बाण, भूमी. सहा, नऊ, पाच, एक. उलटे वाचायचे, म्हणजे शके १५९६. संवत्सर आनंद. हे राज्याभिषेकाचे साल, १६७४. छत्रपती सिंहासनावर असताना, त्यांच्या अनुज्ञेने, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे बांधवणारा कोण ते सांगितले. आणि मग ‘हीराजिना निर्मितः’, हीराजीने निर्माण केला. बांधवणारा आणि बांधणारा, कार्ल्यासारखेच दोघेही एका जागी.

आता लोक म्हणतात, त्या लेखात हिरोजीने विहिरी, तळी, बागा, रस्ते, गजशाळा, राजवाडे सगळे बांधल्याचे लिहिले आहे, म्हणून तो अख्ख्या रायगडाचा शिल्पकार. इथे व्याकरण आडवे येते. ‘निर्मितः’ पुल्लिंगी एकवचनी आहे आणि तो जुळतो ‘प्रासाद’ या शब्दाशी, म्हणजे जगदीश्वराच्या देवळाशी. छापलेल्या वाचनाप्रमाणे स्तंभ, गजशाळा आणि गगनाला भिडणारे राजवाडे हे सप्तमीतल्या रायगिरीचे वर्णन करतात : अशा अशा वैभवाने नटलेल्या रायगडावर हे देऊळ हीराजीने निर्माण केले. विहिरी, तळी, बाग आणि रस्ते यांची पहिली यादी मात्र प्रथमेत लोंबकळते. तिला ‘निर्माण केले’ मनातून लावता येते. तेव्हा हिरोजीकडे देवळाबाहेरचेही बांधकाम होते हे संभवते, बहुधा खरेही असेल. पण निश्चित सांगायचे तर हातात देऊळ उरते. कवीने छंदासाठी केलेल्या ओढाताणीवर आपण एका माणसाची सगळी कारकीर्द उभी केली आहे, याची जाणीव असू द्यावी.

आणि तो ‘निर्मितः’ तरी टाकी चालवणाऱ्याचा का? संस्कृतात करवून घेणाऱ्यासाठी ‘कारितः’ असा वेगळा शब्द आहे, पण राजेही ‘निर्मित’ आनंदाने वापरतात. हिरोजी स्वतः पाथरवट होता, नकाशा काढणारा होता, की बांधकामाच्या खात्याचा कारभारी होता? उत्तर मला वाटते पायरीवर आहे, फक्त लोक तिथे नम्रता वाचतात आणि मी दरबार वाचतो.

‘तत्पर’ हा शब्द पाहा. मराठी सरदारांच्या शिक्क्यांचा हा ठरलेला शब्द आहे. शिंद्यांच्या शिक्क्यात ज्योतिस्वरूपाच्या, म्हणजे जोतिबाच्या चरणी ‘तत्पर’; होळकरांच्या शिक्क्यात म्हाळसाकांताच्या चरणी ‘तत्पर’. मग सरदाराचे नाव. हे शिक्के हिरोजीनंतरचे, अठराव्या शतकातले, हे खरे. तेव्हा त्याने त्यांच्यावरून घेतले असे नव्हे. पण धनी किंवा देव, मग ‘तत्पर’, मग नाव, ही रचना मराठी राज्यातल्या अधिकारी माणसाची भाषा आहे. महादजी शिंदे ‘तत्पर’ म्हणतात तेव्हा आपण त्यांना लाजाळू समजत नाही. आपला अधिकार कुणापासून आला ते ते सांगत असतात. हिरोजीची पायरी मी तशी वाचतो. ही दगडात उमटवलेली मुद्रा आहे. म्हणून माझा कौल कारभाऱ्याकडे आहे : माणसे, दगड, चुना, पैसा, वेळ यांचा मेळ घालणारा सरकारी अधिकारी. टाकी चालवणारे शेकडो होते, आणि त्यांतल्या कुणाचेही नाव त्या पायरीवर नाही. ज्याला आपण अनामिक शिल्पींचा प्रतिनिधी म्हणून मिरवतो तोच कदाचित त्यांचा साहेब होता.

मग पायरीच का? पायरीचे कारण पंढरपूरला सापडते. नामदेवांची पायरी वारकऱ्याला माहीत नाही असे नाही. भक्तांचे पाय लागावेत म्हणून महाद्वारी. हिरोजीच्या आधी तीनशे वर्षे ही कल्पना महाराष्ट्रात रुजलेली आहे. पायरीवर नाव घालणारा त्या काळचा सर्वमान्य संकेत पाळतो. त्यात भक्ती नाही असे मी म्हणत नाही. पण पाय कुणाचे? संकेताप्रमाणे येणाऱ्या प्रत्येक भाविकाचे. एकट्या महाराजांचे पाय कथेने आणले.

शेवटी आडनाव. पायरीवरच्या अक्षरांचे दुसरे वाचनही छापलेले आहे, ‘इटळकर’. ‘इंदुलकर’ आणि ‘इटळकर’ यांत झिजलेल्या दगडावर फरक एखाद्या रेघेचा. पण ‘कर’ लागले की आडनावातून गाव निघते, आणि दोन वाचनांतून दोन गावे, दोन घराणी निघतात. रोज पाय पडणारी पायरी, पाऊस, चुना, हौशी लोकांनी अक्षरांत भरलेला रंग. एवढ्यातून एक ‘दु’ टिकला की ‘ट’ टिकला यावर माणसाचे मूळ गाव अवलंबून! भिंतीवरचा लेख फक्त ‘हीराजी’ म्हणतो, आडनावाचे नावही काढत नाही. सामी सुताराने बापाचे नाव, धंदा आणि गाव दिले. हिरोजीने नाव, आडनाव आणि निष्ठा दिली. चरित्राच्या दृष्टीने पाहिले तर कार्ल्याचा सुतार श्रीमंत आहे.

मी केवळ मोडतोड करतो, असा आरोप येईल. म्हणून जिल्ह्यात नावे शोधायची कशी, तेही सांगतो. मूर्तीच्या बैठकीची पुढची कड, उंबरा, जोत्याचा सगळ्यात खालचा थर, तुळईची आतली बाजू, वीरगळांचा तळ, बारवेच्या पायऱ्या, या जागा आधी. दुपारच्या उन्हात अक्षर दिसत नाही. रात्री बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून, उजेड तिरपा सोडायचा. खाचेत सावली पडते आणि गुळगुळीत वाटणारा दगड बोलू लागतो. चारही बाजूंनी उजेड फिरवून फोटो काढायचे, कारण एका बाजूने दिसलेली मात्रा पुष्कळदा दगडाची चीर निघते. खडू, पीठ, शेंदूर अक्षरांत भरायचा नाही. भरणारा आपल्याला हवे ते अक्षर भरतो आणि पुढचा प्रत्येक जण तेच वाचतो. शक्य असेल तिथे जाणत्या माणसाकडून ठसा घ्यायचा, ओला कागद ब्रशने ठोकून खाचांत बसवून, वाळू लागला की वरून शाई.

लेख जुना की मागाहून कोणी कोरलेला, हे ओळखायला एक सोपी चाळणी आहे. यादवकाळच्या देवनागरीत ‘ए’ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधी, उभ्या रेघेने द्यायची पद्धत होती, तिला पडिमात्रा म्हणतात. हजार वर्षांपूर्वीची म्हणून दाखवलेली सही आजच्या शाळेच्या फळ्यासारखी असली, मात्रा डोक्यावर, तर संशय घ्या. एवढ्यावरून निकाल लागत नाही. पण खाचेचा रंग आजूबाजूच्या दगडापेक्षा ताजा असेल आणि मात्रा डोक्यावर असेल तर निकाल जवळ आला. आणि नुसती खूण, त्रिशूळ, बाण, दोन रेघा, सापडली तर ती पाथरवटाची हिशेबाची किंवा दगड बसवण्याची खूण असते. ती नाव नव्हे, पण फेकू नका. तीच खूण दुसऱ्या देवळात सापडली तर एक टोळी दोन्हीकडे राबली असावी असा कयास निघतो, आणि आमच्या जिल्ह्यातल्या कारागिरांविषयी तो हेमाडपंताच्या कथेपेक्षा मोलाचा.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र जीर्णोद्धार. ऑइलपेंट खरवडून काढता येतो, चुना धुता येतो. पण जोते ‘स्वच्छ’ करायला यंत्राने दगडाची वरची साल काढली की नाव कायमचे गेले, आणि नाव होते की नव्हते हेही कळायचा मार्ग राहत नाही. म्हणून कामाच्या आदल्या रात्री तरी कोणी बॅटरी घेऊन जावे.

आणि रतनवाडीला फलक लावायचाच असेल तर मजकूर मी देतो : ‘अमृतेश्वर. घडणीवरून सुमारे अकरावे शतक, म्हणजे हेमाद्रीच्या बऱ्याच आधी. बांधवणारा शिलाहार झंझ, अशी परंपरा. या देवळात तसे लिहिलेले नाही. बांधणारे पाथरवट. कोणाला त्यांचे नाव दिसल्यास हात न लावता फोटो काढावा.’